एम.ए., बी.एड. आणि कोरडवाहू वावर : ‘बारोमास’ कादंबरीची ओळख, शेवट न फोडता

थंबनेलवर: शिकला, पण वावरात!
(फोटो आमच्याच पऱ्हाटीचा आहे, वेचणी उरकल्यावरचा. मुखपृष्ठ वापरलेलं नाही.)

वर्णन:
एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला. मास्तरकी लागायची तर संस्थेला पैसे मोजा, आणि पैसे तर घरात नाहीत. मग उरते बापाची शेती. बायको अलका नोकरीवाल्या नवऱ्याची आस धरून आलेली, तिला वावरातलं काहीच ओळखीचं नाही. सदानंद देशमुख यांची ही कादंबरी बुलडाण्याकडच्या मातीतली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.

प्रकार: ग्रामीण कादंबरी, सामाजिक वास्तववादी. ‘शेतकऱ्यांच्या दुःखाची गोष्ट’ एवढंच लिहून भागत नाही, कारण निम्मा ताण घरातल्या चार भिंतींत आहे.

काय हाती लागेल:
शिकलेल्या पोराला शेती नकोशी का होते, याचं उत्तर आळस नाही. पदवी घरात आली की अख्ख्या घराची अपेक्षा बदलते, उत्पन्न मात्र पावसावरच राहतं. बी-बियाणं उधारीवर, माल आला की भाव पडलेला, हे गणित आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही; इथं ते माणसांच्या बोलण्यातून कळतं. अलकेकडं जरा थांबून बघा. पहिल्यांदा वाचताना तिचा राग येतो. तिच्या जागी आपली बहीण ठेवून वाचलं की तिचं म्हणणं पटायला लागतं. व्हिडिओत सगळ्यात जास्त वेळ मी तिलाच दिलाय.
संवाद वऱ्हाडी आहेत. पुण्या-मुंबईकडच्यांना सुरुवातीला अडेल. मोठ्यानं वाचा, जमतं.

कुणासाठी: डी.एड., बी.एड. करून गावात बसलेली पोरं, मराठी साहित्य घेतलेले विद्यार्थी, शेतीघरात लग्न ठरलेल्या मुली आणि त्यांचे आईबापही. वय सोळाच्या पुढं. झोपायच्या आधी हलकंफुलकं काही हवं असेल तर दुसरं पुस्तक घ्या.

शेवटाबद्दल: मधल्या भागापर्यंतच सांगितलंय. एकनाथ पुढं काय करतो, घर टिकतं का, हे पुस्तकातच वाचा. तालुक्याच्या वाचनालयात विचारून पाहा.

0:00 एकनाथ कोण
1:40 नोकरी आणि डोनेशन
4:05 अलकेची बाजू
8:30 उधारी, पाऊस, बाजारभाव
10:15 कुणी वाचावं

(पाचव्या मिनिटाला मागं घरघर ऐकू येते ती शेजारच्या तुरीच्या थ्रेशरची. सांभाळून घ्या.)

भाषा: मराठी, थोडी वऱ्हाडी
प्लेलिस्ट: आपल्या मातीतली पुस्तकं
टॅग: बारोमास, सदानंद देशमुख, मराठी कादंबरी, ग्रामीण साहित्य, साहित्य अकादमी, विदर्भ, वऱ्हाडी, पुस्तक ओळख, शेतकरी, सुशिक्षित बेरोजगार