विषय: वेबसाईट २ मार्चला लाईव्ह होत नाहीये, तुमच्याकडचा मजकूर आणि फोटो यायचेत

नमस्कार काका,

आधी मुद्द्याचं सांगते, सोमवारी २ मार्चला वेबसाईट सुरू करायचं ठरलेलं ते आता जमणार नाही. आमच्या बाजूचं काम झालंय, टेस्ट लिंक तुम्ही आणि दादाने दोघांनी बघितलीय, मोबाईलवर नीट चालतेय, बुकिंगचा फॉर्मही तयार आहे. अडलंय ते आत भरायच्या मालावर. मजकूर, फोटो आणि कागदपत्रं १० फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडून येणार असं कोटेशनमध्येच होतं, त्यातलं अजून बरंच काही आलेलं नाही. मोहोर, फवारणी, गडी माणसं मिळत नाहीत, हे सगळं तुमच्या मागे लागलंय ते माहितीय मला, पण साईट रिकामी लाईव्ह करून उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटीची माहिती. चार डझन, पाच डझन, एका फळाचं वजन साधारण किती ग्रॅम, आणि कुठल्या शहरात पाठवणार. मुंबई-पुण्याला तुमची गाडी जाते पण बंगळुरूची ऑर्डर आली तर कुरिअरने देणार की नाहीच घेणार हे ठरल्याशिवाय मला पिनकोड टाकता येत नाहीत. भाव आत्ता फायनल नसला तरी चालेल, तो रोजच्या रोज तुम्हालाच मोबाईलवरून बदलता येईल, दादाला मी शिकवते.

दुसरं, फळ खराब निघालं तर काय? बदलून देणार की पैसे परत, आणि किती तासात फोटो पाठवला तर? हे चार ओळीत सांगा, नीट भाषेत मी लिहिते. ही पॉलिसी साईटवर दिसल्याशिवाय पेमेंट गेटवेवाले ऑनलाईन पैसे घ्यायची परवानगी देत नाहीत, आणि त्यांची तपासणी आपल्या हातात नसते, काही दिवस त्यात जातातच. त्यांना पॅन आणि कॅन्सल चेकही लागेल.

आंबापोळी, फणसपोळी आणि कोकम आगळ विकायचं असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर पाहिजे आणि प्रत्येक पाकिटाचं निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता. पॅकबंद मालाला ऑनलाईन हे दाखवावंच लागतं. पाकिटाच्या लेबलचा स्पष्ट फोटो पाठवलात तरी मी त्यावरून भरते. जीआयचं रजिस्ट्रेशन आहे म्हणाला होतात, त्या सर्टिफिकेटचीही कॉपी द्या, हापूसच्या नावावर काहीही खपवणारे एवढे झालेत की गिऱ्हाईक ते आधी बघतं.

आता फोटो. व्हॉट्सअपवर आलेले आहेत पण पाठवताना ते दाबले जातात, मोठ्या स्क्रीनवर पार फाटतात. तेच फोटो व्हॉट्सअपवरच डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा दादाला ड्राईव्हवर टाकायला सांगा. बागेचे, पॅकिंगचे आणि जमलं तर गवतातल्या अढीचे, आधीच्या सीझनचे असले तरी चालतील. दादा म्हणाला तात्पुरते नेटवरचे टाकूया. मी ते करणार नाही काका, फुकट फोटोंच्या साईटवर आंबा शोधला की लालभडक परदेशी आंबे येतात, देवगडच्या बागेच्या साईटवर ते लावले तर पहिल्याच दिवशी लोक हसतील. दुसऱ्या बागायतदाराच्या साईटवरचा मजकूर उचलायचा पण नको, त्यात भांडणं होतात आणि गूगलवर आपलीच साईट मागे पडते. बागेबद्दल लिहायला वेळ नसेल तर आजोबांनी कलमं कधी लावली, आता किती झाडं आहेत, कार्बाईड न वापरता कसं पिकवता, हे फोनवर बोलून व्हॉईस मेसेज टाका, लिहायचं माझ्यावर सोडा.

तारखेचं असं आहे. सगळं ५ मार्चपर्यंत हातात आलं तर १२ मार्चला साईट लाईव्ह करते, म्हणजे १९ मार्चच्या पाडव्याआधी लोकांना लिंक पाठवायला आठवडाभर मिळतो. ५ तारीख हुकली तर मात्र १२ धरू नका, कारण त्यानंतर दुसऱ्या एका कामाला मी शब्द दिलाय आणि तुमचं काम मधेमधे करावं लागेल, मग पाडव्याचं मी काही सांगू शकत नाही. आणि सगळं एकदम जमत नसेल तर एक मार्ग आहे, आधी फक्त हापूसच्या पेट्यांचं बुकिंग सुरू करू, पैसे तुम्ही फोनवर बोलून यूपीआयने घ्या, पोळी-आगळ आणि ऑनलाईन पेमेंट एप्रिलमध्ये जोडू. मला विचाराल तर हेच करा, सीझनच्या तोंडावर बुकिंग महत्त्वाचं. त्याला फक्त पेटीची माहिती, परतीचा नियम, पाचसहा चांगले फोटो आणि तुमचा तो व्हॉईस मेसेज एवढंच लागेल.

उद्या संध्याकाळी सातनंतर फोन करते, वहिनींनाही जवळ बसवा कारण पोळीची वजनं त्यांनाच माहीत असणार. त्याआधी ड्राईव्हचं दादाला तेवढं सांगून ठेवा.

सायली