अभ्यासिकेच्या उन्हाळी व्यवस्थेसाठी २,००,००० रुपयांच्या तरतुदीचा प्रस्ताव

दिनांक : १२ जानेवारी २०२६
प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, कार्यकारी मंडळ,
सार्वजनिक ग्रंथालय, महाल, नागपूर

विषय : दुसऱ्या मजल्यावरील अभ्यासिकेतील उष्णता कमी करण्यासाठी इमारत निधीतून खर्चाची मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

येत्या उन्हाळ्यापूर्वी अभ्यासिकेच्या गच्चीला उष्णता परावर्तित करणारा लेप देणे, तेथे डक्ट कूलर बसवणे आणि खोलीतील वीजजोडणी सुरक्षित करणे या कामांसाठी मंडळाने २,००,००० रुपयांची तरतूद मंजूर करावी, अशी विनंती आहे. या कामासाठी चार पर्याय तपासले असून त्यांचे खर्च आणि धोके पुढे मांडले आहेत.

अभ्यासिकेत ६० आसने आहेत आणि तिचे मासिक शुल्क ४०० रुपये आहे. गतवर्षी फेब्रुवारीत सर्व आसने भरलेली होती. मे महिन्यात शुल्क भरणारे विद्यार्थी ३४ उरले. म्हणजे त्या एका महिन्यात १०,४०० रुपयांचे उत्पन्न बुडाले. मात्र हा प्रस्ताव बुडालेल्या शुल्काच्या आधारावर मांडलेला नाही, कारण तेवढ्या रकमेतून कोणत्याही मोठ्या पर्यायाचा खर्च लवकर भरून निघणार नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी जी मुले घरी जागा नाही म्हणून आपल्याकडे येतात, त्यांनाच ऐन उन्हाळ्यात खोली सोडावी लागते, हे खरे कारण आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. तो दिवस अपवादात्मक मानला तरी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास राहणे येथे नेहमीचेच आहे.

खोलीत सहा कूलर असूनही गतवर्षी मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास आतील तापमापक ३८ ते ३९ अंश दाखवत असे. याची दोन कारणे आहेत. अभ्यासिका थेट गच्चीखाली असल्यामुळे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. दुसरे कारण असे की दोन कूलर खोलीच्या आतच ठेवलेले आहेत आणि रस्त्याच्या आवाजामुळे खिडक्या बंद असतात, त्यामुळे कूलर तीच दमट हवा पुन्हा ओढतात. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घेता आली आणि आतली हवा बाहेर जायला वाट मिळाली, तरच तो गारवा देतो. त्यामुळे कूलरची संख्या वाढवून हा प्रश्न सुटणार नाही.

पहिला पर्याय आहे तेच कूलर दुरुस्त करण्याचा आहे. वुडवूलच्या ताट्या, पंप आणि रंगकाम मिळून २१,००० रुपये आणि वीजजोडणीच्या सुरक्षिततेसाठी १४,००० रुपये, असा एकूण ३५,००० रुपये खर्च येईल. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पण वर सांगितलेली दोन्ही कारणे त्याने कायम राहतात आणि पुढच्या जानेवारीत हाच विषय पुन्हा मंडळापुढे येईल.

दुसरा पर्याय दोन टनांचे चार इन्व्हर्टर एसी बसवण्याचा आहे. यंत्रे २,२४,०००, स्टॅबिलायझर व बसवणी ३६,०००, नवीन वायरिंग व पॅनेल ४८,०००, वाढीव वीजभार २२,००० आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे ३०,००० असे एकूण ३,६०,००० रुपये लागतील. आराम सर्वांत अधिक आणि पावसाळ्यातील दमटपणावरही उपाय होईल, हे मान्य केले पाहिजे. परंतु एप्रिल ते जून असे ९० दिवस, रोज १२ तास आणि तासाला ६.४ युनिट धरल्यास एका हंगामात ६,९१२ युनिट लागतात. आपल्या बिलातील सर्व आकारांसह सरासरी ११ रुपये दराने ही रक्कम सुमारे ७६,००० रुपये होते. इमारत निधीत सध्या ४,१२,००० रुपये आहेत. त्यातून हा खर्च केल्यास ५२,००० रुपये उरतील आणि मागील भिंतीची गळती दुरुस्त करायला पैसा राहणार नाही.

तिसऱ्या पर्यायात गच्चीच्या १,५०० चौरस फुटांवर भेगा बुजवून पांढरा परावर्तक लेप (६३,००० रुपये), खोलीबाहेर दोन डक्ट कूलर (९६,०००), चार एक्झॉस्ट पंखे (१२,०००) आणि अर्थिंगसह वीजगळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी स्विच (१४,०००) यांचा समावेश आहे. बेरीज १,८५,००० रुपये होते. त्यात आकस्मिक खर्चाचे १५,००० रुपये मिळवून मागणी २,००,००० रुपयांची केली आहे. हंगामाचा वीजखर्च सुमारे २६,००० रुपये येईल.

चौथा पर्याय अभ्यासिका तळमजल्यावर आणि वृत्तपत्र विभाग वर नेण्याचा होता. त्याला जवळजवळ खर्च नाही, पण सकाळी येणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना दोन जिने चढायला लावणे योग्य नसल्यामुळे तो पुढे नेला नाही.

वीजदर न वाढल्यास पाच वर्षांचा एकूण खर्च पहिल्या पर्यायात सुमारे १,६९,०००, दुसऱ्यात देखभालीसह ८,००,००० आणि तिसऱ्यात देखभाल व चौथ्या वर्षीच्या लेपासह, आकस्मिक रक्कम वगळून, ४,०५,००० रुपये होतो.

माझी शिफारस तिसऱ्या पर्यायाची आहे, कारण त्यात उष्णता आत येण्यावर आधी आणि हवा गार करण्यावर नंतर खर्च होतो. पुढे कधी एसी घ्यायचे ठरले तरी लेप आणि सुरक्षित वीजजोडणी वाया जाणार नाही. उलट एसीवरचा भार हलका होईल.

या पर्यायाच्या मर्यादाही मंडळाने लक्षात घ्याव्यात. जुलै ते सप्टेंबरमध्ये हवा दमट असताना डक्ट कूलरचा उपयोग होणार नाही. तेव्हा पंखे आणि एक्झॉस्ट यांवरच भागवावे लागेल. दोन्ही कूलरना मिळून रोज अंदाजे ७०० लिटर पाणी लागेल. बोअरवेलच्या जड पाण्याने जाळ्यांवर क्षार साचतात, म्हणून त्यांची पंधरवड्याला सफाई करावी लागेल. टाकीत डेंग्यूच्या डासांची पैदास होऊ नये यासाठी ती आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करण्याची जबाबदारी शिपायाकडे लेखी सोपवावी. लेपावर धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो. मार्चमध्ये आणि मेच्या मध्यात गच्ची धुवावी लागेल.

वीजजोडणीचा धोका मी वेगळा नोंदवतो. जुन्या कूलरचे पत्र्याचे सांगाडे, ओली फरशी आणि अपुरे अर्थिंग हे जीवघेणे ठरू शकते. म्हणून मंडळाने कोणताही पर्याय निवडला, अथवा एकही निवडला नाही, तरी १४,००० रुपयांचे हे काम मार्चपूर्वी व्हावे, असा माझा आग्रह आहे.

वेळेचेही बंधन आहे. होळीनंतर शहरातील कूलरचे कारागीर मिळणे अवघड होते. कामाचा आदेश फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्यास १५ मार्चपर्यंत सर्व कामे पूर्ण होतील. प्रत्येक कामासाठी तीन दरपत्रके मागवली असून ती सोबत जोडली आहेत. लेपाचे सर्वांत कमी दरपत्रक मात्र मी स्वीकारलेले नाही, कारण त्यात भेगा बुजवण्याचे काम धरलेले नाही. मेअखेर दुपारी चारचे तापमान ३३ अंशांखाली आले नाही, तर एसीचा विषय नोंदींसह जूनच्या सभेत पुन्हा ठेवीन.

मंडळास मान्य असल्यास पुढील ठराव संमत व्हावा :

“अभ्यासिकेच्या उन्हाळी व्यवस्थेसाठी तिसऱ्या पर्यायास मंजुरी देण्यात येत असून त्यासाठी इमारत निधीतून कमाल २,००,००० रुपये खर्च करण्यास मान्यता देण्यात येत आहे. यांपैकी १५,००० रुपयांची आकस्मिक रक्कम कोषाध्यक्षांच्या लेखी संमतीनेच खर्च करावी. वीजसुरक्षेचे काम प्रथम पूर्ण करावे.”

आपला विश्वासू,
ग्रंथपाल