जुना रुपया

बॉल मागच्या फुटक्या खिडकीतून गाळ्यात गेला आणि त्याच्यामागं ओंकारही. परत आला तो बॉल तिथंच विसरून.

"आप्पा, आत टीव्हीची कपाटं हाईत काय?"

आप्पांनी पेपर खाली ठेवला. शिवाजी पेठेतल्या या गाळ्यात १९९४ पासून बारा वर्षं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, हे या पोराला कोण सांगणार? पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाईल. शटर पडलं. मशीन भंगारात घालायला आप्पांचा जीव धजला नाही आणि काकूंचं त्यावरून बोलणंही थांबलं नाही.

"शनिवारी सातला या. सगळ्यास्नी घेऊन ये."

"लाइटबिल कोण भरणार?" आतून काकूंचा आवाज आला.

चार दिवस आप्पा गाळ्यातच होते. पहिल्या कपाटात झुरळांचं अख्खं गाव निघालं. ते उठवून त्यांनी मागची फळी काढली, बोर्ड बाहेर ओढला आणि त्याच्या कडेच्या काळवंडलेल्या पट्ट्या पोरांच्या खोडरबरनं घासल्या. सोनेरी रंग वर येईपर्यंत घासायचं, मग ब्रशनं चुरा झाडायचा. याला दुसरं औषध नाही. पिक्चर ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीला मात्र त्यांनी आधी वायरनं अर्थिंग दिलं. पूर्वी एकदा घाई केली होती तेव्हा शॉक बसून भिंतीवर जाऊन आदळले होते. चारपैकी तीन मशीन लागली. चौथ्यातनं जळका वास आला, त्याची पिन काढून टाकली.

शनिवारी सातच्या आधीच गल्ली दारात. पहिल्या मशीनवर 'मुस्तफा'. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा कॅपकॉमचा गेम. पण त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, आणि भारतातल्या पोरांनी गेमचंच नाव मुस्तफा करून टाकलं. पडद्यावर INSERT COIN लुकलुकत होतं. श्रेयानं पडद्यावर बोट टेकवलं. काहीच झालं नाही. तिनं परत टेकवलं.

"टच न्हाई गं. ही दांडी धर. आणि हे घे."

आप्पांनी गोडेतेलाचा जुना डबा उघडला. आत नुसते जुने रुपये, मोठे, स्टीलचे. प्रत्येकाला तीन.

"आप्पा, फुकट चालू करा की," आर्यन म्हणाला. कॉईनच्या दाराआड एक बारीक स्विच असतो, तो दाबला की हवी तेवढी क्रेडिट पडतात. आप्पांना हे ठाऊक नसेल होय?

"फुकटातला गडी मेला तर कुणाला वाईट वाटत न्हाई. तीनच मिळणार."

दहा मिनिटांत आर्यनचे तिन्ही संपले. श्रेया मात्र एका रुपयावर गालागामधल्या माश्या मारत बसलेली, मागं पाच-सहा जण श्वास रोखून. "डावीकडं घे! आगं, डावीकडं!" कुणी आपला रुपया कडेला मांडून नंबर लावला, कुणी दोघांत एक काढला. स्ट्रीट फायटरवर भांडण लागलं, आप्पांनी दोघांचे कान धरले आणि त्यांना बरं वाटलं. कान धरून बरीच वर्षं झाली होती.

आठ वाजता सचिन ओंकारला न्यायला आला. "अभ्यास कोण करणार?" म्हणत आत शिरला आणि मुस्तफासमोर थबकला.

"काय सचिन, मराठीचा तास चुकवून आलाईस काय?" आप्पा म्हणाले.

ओंकारचे डोळे चमकले. "पप्पा, तुमी शाळा बुडवत होता?"

सचिननं उत्तर दिलं नाही. दांडी धरली. पहिल्या लेव्हलचा मालक पडला, दुसऱ्या लेव्हलचा पडला. पोरं आता त्याच्याभोवती, "काका नाद खुळा!" म्हणत. तिसऱ्याला गडी झोपला आणि पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली. नऊ. आठ.

सचिननं खिसे चाचपले. रुपया टाकला, नवा, बारका. खळ्‌कन खालच्या वाटीत परत आला. सहा. पाच.

"आप्पा, एक जुना द्या!"

"डबा संपला."

"दोनाचं टाकू काय?"

"२०११ चं असलं तर टाक, जुन्या रुपयाच्याच मापाचं आणि वजनाचं हाय ते. पण दर डबल पडतोय बघ."

तीन. दोन. सचिनच्या खिशात तसलं नव्हतंच. ओंकारनं मुठीत दाबून ठेवलेला शेवटचा रुपया पुढं केला, आणि मागं घेतला.

"शाळा बुडवलेलं आईला सांगू?"

"टाक की रं!"

"मग उद्या मॅचला जाऊ देणार न्हवं?"

"जा! टाक!"

रुपया आत पडला. सगळा गाळा ओरडला, आणि काकू दारात येऊन म्हणाल्या, "हळू! आणि ते दुसरं मशीन कुणाचं हाय? रिकामं असलं तर मी बसतो."