पुनर्रचित लेखासोबतचे पत्र

नाशिक

मा. संपादक,
स.न.

‘दुतोंड्या मारुती आणि गोदावरीच्या पुराची लोकमापे’ हा लेख नव्याने बांधून पाठवत आहे.

दोन्ही परीक्षकांचा मुख्य आक्षेप मला पटला: २००८, २०१६, २०१९ अशा पूरवर्षांच्या क्रमात मूळ मुद्दाच हरवत होता. आता लेखाची सुरुवातच प्रश्नाने होते. ‘मारुतीच्या कमरेला पाणी’, ‘छातीला पाणी’ हे शब्द नदीकाठच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा हे कसे सांगतात? त्यानंतर गंगापूर धरणाच्या विसर्गाच्या नोंदी येतात. पूरवर्षे आता केवळ उदाहरणे आहेत. मंदिरांच्या इतिहासाची चार पाने काढली. काढताना जड गेले, पण लेख मोकळा झाला.

एक सूचना मात्र स्वीकारता आली नाही. मुलाखती वगळाव्यात असे दुसऱ्या परीक्षकांचे मत आहे. परंतु ही मापे लोकांच्या बोलण्यातच जिवंत आहेत; त्या वगळल्या तर लेखाचा विषयच उरत नाही. स्मरणातली आणि मोजलेली पातळी यांची गल्लत होऊ नये, ही त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून दोन्ही स्वतंत्र प्रकरणांत ठेवल्या आहेत.

मुद्देनिहाय उत्तरे सोबत जोडली आहेत. लेख अन्यत्र पाठवलेला नाही.

आपली विश्वासू,
लेखिका