भिंतीपलीकडच्या घरी चिठ्ठी

भुसावळ
मार्गशीर्ष, मंगळवार सकाळ

शेजारच्या आजी, भाऊ, वहिनी आणि छोटीस,

सप्रेम नमस्कार.

छोटी आता मराठी छान वाचते, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तिनेच तुम्हां सगळ्यांना वाचून दाखवावं.

परवापासून तुमच्या दारात पहाटे सडा पडतो, उंबऱ्याशी दिवा असतो, आणि काल रात्रीच्या गाडीने तुमची माणसंही आली. घर भरलेलं दिसतंय. हे दिवस तुमच्यासाठी खास आहेत एवढं आम्हाला कळलं. त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही. म्हणून अंदाजाने कुठल्याही सणाचं नाव घेत नाही.

त्यामागे एक कारण आहे. आम्ही या गल्लीत नवीन होतो तेव्हा एका घरी ओळीने पणत्या लागलेल्या पाहिल्या आणि मी हौसेने पेढे घेऊन गेले, "सणाच्या शुभेच्छा" म्हणाले. त्यांचे ते गेलेल्या माणसांच्या आठवणीचे दिवस होते. त्या बाईंनी पेढा घेतला, मला बसवलंही, पण त्यांचे डोळे भरले होते. ते मला अजून आठवतं. तुमचे दिवस आनंदाचे असोत, उपासाचे असोत की कुणाच्या स्मरणाचे, ते तुमच्या मनासारखे, शांतपणे पार पडोत. आजींची तब्येत चांगली राहो. आलेली माणसं सुखरूप घरी पोहोचोत.

ऋतू मात्र आपला एकच आहे, त्याच्या शुभेच्छा मनापासून देते. मे महिन्यात आपण सगळे पंचेचाळीस अंशांत भाजून निघालो. तुमचा तर इथला पहिलाच उन्हाळा होता, आणि वहिनी, तुम्ही दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन स्वयंपाक करायच्या ते मी पाहिलंय. आता थंडी पडली आहे. शेतात कापसाची वेचणी चालू आहे, दादर डोलते आहे, तूर भरत आली आहे. ही थंडी तुम्हाला सुखाची जावो, घरात धान्य आणि हातात काम कमी न पडो, छोटीचा अभ्यास चांगला होवो.

सोबत टोपलीत केळीची एक फणी आणि थोड्या भुईमुगाच्या शेंगा आहेत. केळी यावलच्या आमच्या भाच्याच्या मळ्यातली. मुद्दाम काही रांधून पाठवलं नाही. तुमच्याकडे या दिवसांत काय चालतं, काय वर्ज्य असतं, ते आम्हाला ठाऊक नाही. फळ उपासालाही चालेल असं वाटलं. चालत नसेल तर तसंच ठेवा, केळी अजून कच्चट आहेत, दोन-तीन दिवस सहज टिकतील.

आणखी एक. पाहुणे आहेत म्हणजे पाणी जास्त लागणार, आणि नळ काही रोज येत नाही. आमची गच्चीवरची टाकी भरलेली आहे. मागच्या दारचा नळ तुमचाच समजा, विचारायलाही येऊ नका. झोपायला जागा कमी पडली तर पुढची खोली रिकामी आहे, दोन गाद्या आणि गोधड्या काढून ठेवल्या आहेत. काकांनी स्कूटर आत घेतली आहे, तुमच्याकडची गाडी दारापुढे लावा. पहाटे घंटा वाजली किंवा गाणी म्हटली तर आम्हाला त्रास होईल असं मनात आणू नका, आम्ही पाचलाच उठतो.

तुमचे दिवस उरकले, की एका संध्याकाळी सगळे आमच्याकडे या. भरिताची वांगी आता बाजारात भरपूर आली आहेत. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी चव कळते ती अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून, बडगीत ठेचल्यावर. सोबत कळण्याची भाकरी करते. वांगं, लसूण, कांदा यांतलं काही तुमच्याकडे खात नसतील तर वहिनी, आधी मोकळेपणाने सांगा, तुमच्यासाठी वेगळं करीन. त्यात मला काही जड नाही.

आणि त्या संध्याकाळी, सांगावंसं वाटलं तर, या दिवसांचं नाव आणि ते कसे पाळतात हे आजींच्या तोंडून ऐकायला आवडेल. पुढच्या वर्षी मग त्याच नावाने शुभेच्छा देईन. सांगावंसं वाटलं नाही तरी भरीत आहेच.

टोपली सावकाश द्या. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे छोटीला शाळेतल्या मैत्रिणींकडून कळलं असेल, पण त्यासाठी आता कामाच्या गडबडीत काही शोधत बसू नका. दारातल्या तुळशीची चार पानं घातलीत तरी पुष्कळ झालं.

तुमच्या भिंतीपलीकडचे
काकू आणि काका