नोकरभरती थांबवल्याबद्दल आणि खर्चकपातीबद्दल

कुडाळ, 3 ऑगस्ट 2026

कारखान्यातील सर्व सहकाऱ्यांना,

गेला आठवडाभर सोलणी विभागात कुजबुज चालू आहे. शनिवारी एका काकींनी थेट विचारलं, "मालक, खरां काय तां सांगा." तेच सांगतो आहे. हे पत्र आज जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं जाईल आणि फळ्यावरही लागेल.

एप्रिलमध्ये काजू बीचा दर चढत होता. अजून चढेल या भीतीने मी गरजेपेक्षा जास्त बी भरली, सरासरी 165 रुपये किलोने. अंदाज माझा होता आणि तो चुकला. चार किलो बीतून किलोभर गर निघतो, म्हणजे नुसत्या बीचेच 660 रुपये. त्यात मजुरी, जळण, पॅकिंग आणि बँकेचं व्याज मिळून 110. आज सगळ्या प्रतींचा मिळून सरासरी 735 रुपये दर हाती येतो. म्हणजे किलोमागे 35 रुपये तोटा, आणि गोदामात अजून सुमारे 40 टन गराची बी पडून आहे. तुमच्या कामात कसूर नाही. पाकळी-तुकड्याचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा कमीच आहे.

म्हणून आजपासून 31 मार्चपर्यंत नवी भरती बंद. प्रयोगशाळा सहायक, हिशेब विभागातला एक आणि कटिंग मशीनवरचे दोन, अशा चार रिकाम्या जागा भरणार नाही. प्रतवारीसाठी ज्या दोन मुलींना नेमणूकपत्रं दिली आहेत त्या 17 तारखेला रुजू होतील. दिलेला शब्द मागे घेणार नाही. कोणी नोकरी सोडली तर त्या जागी माणूस घेतला जाणार नाही. अपवाद एकच, बॉयलर अटेंडंट, कारण प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. "भाच्याला कुठेतरी चिकटवा" असे निरोप मलाही येतात. माझ्या स्वतःच्या भाच्यालाही नाही म्हटलं आहे, तेव्हा कृपया गळ घालू नये.

आता गणपतीचं. बोनस चतुर्थीआधी, 7 सप्टेंबरला खात्यात जमा होईल, पण गेल्या वर्षीसारखा 12 टक्के नाही. कायद्यातला किमान, 8.33 टक्के. उचल 10,000 ऐवजी 5,000 रुपये मिळेल आणि ती पाच हप्त्यांत कापली जाईल. ज्यांच्या घरी गणपतीचा खर्च मोठा असतो त्यांना हे जड जाईल, ठाऊक आहे. ऐन वेळी कळण्यापेक्षा सहा आठवडे आधी कळावं म्हणून आजच सांगतो.

दिवाळीची पगारवाढ या वर्षी होणार नाही. जानेवारीत पुन्हा बघू, पण तेव्हा मागची थकबाकी मिळेल असं समजू नका. सरकारने किमान वेतनातला विशेष भत्ता वाढवला तर तो मात्र त्या तारखेपासूनच मिळेल. जादा पाळी फक्त ऑर्डर असेल तेव्हाच लागेल, आणि लागली तर तिचा दर दुप्पटच राहील.

पगार 7 तारखेलाच होईल. प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, रजा यांना हात लावलेला नाही. सावंतवाडी आणि माणगाव खोऱ्याकडच्या दोन्ही गाड्या चालू राहतील. कणकवलीची शनिवारची जादा फेरी 10 ऑगस्टपासून बंद होईल. चहा दोन वेळा आहे तसाच मिळेल. सकाळचा फुकट नाश्ता बंद होतो आहे, त्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलणी बसतील असा माझा अंदाज आहे.

पाच हजारांवरच्या प्रत्येक खरेदीला माझी सही लागेल. टरफलाचं तेल हात भाजतं, त्यामुळे हातमोजे, हाताला लावायचं तेल आणि मलम यांना सही लागणार नाही. ते संपले तर सुपरवायझरने त्याच दिवशी मागवायचे. मुंबईचं प्रदर्शन आणि ऑफिसातली रंगरंगोटी रद्द. माझा स्वतःचा पगार ऑगस्टपासून निम्मा करतो आहे.

आणि तुम्ही विचारणार तो प्रश्न: माणसं कमी होणार का? 31 मार्चपर्यंत कायम आणि कंत्राटी, कोणालाही कमी करणार नाही. त्यापुढचं वचन आज देऊ शकत नाही. गराचा दर 770 च्या वर टिकला तर भरतीबंदी आधीच उठवीन. डिसेंबरअखेरही तो 735 च्या आसपास राहिला तर मार्चनंतर एक पाळी कमी करावी लागू शकते. तसं दिसू लागलं तर जानेवारीतच सांगेन.

आमरसाच्या हंगामासाठी किती बायका लागतील ते फेब्रुवारीत ठरेल. गेल्या हंगामात आलेल्यांनी आधी चौकशी करून घ्यावी, या भरवशावर दुसरं काम सोडू नये.

साठा, दर आणि बँकेचं देणं, हे तीन आकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर लागतील. 5 ऑक्टोबरला पुन्हा सगळे एकत्र बसू. तोवर कोणाचं काही असेल तर रोज चार ते पाच मी ऑफिसात आहे. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही त्यांनी चिठ्ठी टाकली तरी चालेल, नाव नसलं तरी.

आपला,
मालक