डिफरंटच्या पुढे काय?

विद्यार्थिनी: बाई, मी निबंधात 'माय सिस्टर इज डिफरंट दॅन माय ब्रदर' असं लिहिलं होतं. तुम्ही 'दॅन'खाली लाल रेघ मारलीत, पण मार्क नाही कापलेत. मग ते चूक की बरोबर?

बाई: आधी मला सांग, 'दॅन'च का सुचलं?

विद्यार्थिनी: मनात आलं, 'माझी बहीण भावापेक्षा वेगळी आहे.' पेक्षा म्हणजे दॅन.

बाई: तिथेच गोम आहे बघ. आपलं 'पेक्षा' दोन्ही कामं करतं. 'भावापेक्षा उंच' म्हणताना आपण कमीजास्त मोजतो, तिथे 'टॉलर दॅन'. 'वेगळी' म्हणताना मोजमाप नसतं, एक गोष्ट दुसरीपासून बाजूला काढलेली असते. म्हणून 'फ्रॉम'. 'डिफर' हे क्रियापदही 'फ्रॉम'च घेतं.

विद्यार्थिनी: पण अमेरिकन मालिकांत तर सर्रास 'डिफरंट दॅन' म्हणतात!

बाई: म्हणतात ना. तिकडे ते चांगलं रुळलंय, म्हणून तर मार्क कापले नाहीत. ब्रिटिश माणसाच्या बोलण्यात तुला 'डिफरंट टू' सुद्धा ऐकू येईल.

विद्यार्थिनी: 'टू'? ते कुठून आलं?

बाई: 'सिमिलर टू', 'ऑपोझ्ड टू' यांच्या पंगतीत ते बसतं. शेकडो वर्षं वापरात आहे. फाउलर नावाच्या इंग्रज कोशकाराने 1926 मध्येच लिहून ठेवलं, की 'टू' चालत नाही ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. मला ते पटतं. आणि मघाचं माझं 'डिफर फ्रॉम'चं कारणही तू फार ताणू नकोस. 'अकॉर्ड विथ' म्हणतात, तरी 'अकॉर्डिंग टू'च होतं ना?

विद्यार्थिनी: मग 'दॅन' कुठेच लिहायचं नाही का?

बाई: एका जागी ते खरंच उपयोगी पडतं. पुढे नुसतं नाम नसून अख्खं वाक्य आलं की. 'इट वॉज डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड.' इथे नुसतं 'फ्रॉम' ठेवून बघ.

विद्यार्थिनी: 'डिफरंट फ्रॉम आय एक्स्पेक्टेड'... अडखळतंय.

बाई: कारण 'फ्रॉम'ला पुढे नाम लागतं. मग मध्ये 'व्हॉट' घालावं लागतं. 'डिफरंट फ्रॉम व्हॉट आय एक्स्पेक्टेड.' 'दॅन'ने तो एक शब्द वाचतो.

विद्यार्थिनी: परीक्षेत काय लिहू?

बाई: 'फ्रॉम'. अमेरिकन असो की ब्रिटिश, ते कुणालाच खटकत नाही. बोलताना कुणी 'टू' किंवा 'दॅन' म्हटलं तर मात्र त्याला टोकू नकोस. बरं, आता तूच एक वाक्य कर. गोष्टीचा शेवट तुला वाटला होता तसा नव्हता, असं सांग.

विद्यार्थिनी: 'दि एंडिंग वॉज डिफरंट फ्रॉम...' थांबा हं... '...फ्रॉम व्हॉट आय हॅड इमॅजिन्ड.'

बाई: शाब्बास, 'व्हॉट' विसरली नाहीस. वहीत लिही ते, त्या लाल रेघेच्या शेजारीच.